ओळख करून दिली, आता पहिला फोन कोणी करायचा?

*ताई, मी भुसावळला एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. माझे मामा रावेर तालुक्यात केळी पिकवतात. यंदा माल थेट बाहेर पाठवायची त्यांची इच्छा आहे. माझा कॉलेजचा एक वर्गमित्र मूळचा धुळ्याचा, आता दुबईत फळं आयात करणाऱ्या कंपनीत खरेदी बघतो. "खान्देशात चांगला बागायतदार असला तर सांग," असं तो मागे म्हणाला होता. मार्चअखेरच्या गडबडीत मी त्याची जुनीच मेल मामांच्या मेलवर फॉरवर्ड केली, त्यालाही जोडलं आणि वर लिहिलं, "तुम्ही दोघं आपसात बोलून वेळ ठरवून घ्या." बारा दिवस झाले. मामा म्हणतात, "त्याचा फोन येईन, मंग बोलू." मित्र म्हणतो, "त्यांच्याकडून काहीच आलं नाही." आता दोघंही मलाच विचारतात, "मंगळवारी जमेल का विचार, बुधवारी जमेल का विचार." मी ऑफिसात बसून दोघांचे निरोप पोचवते आहे आणि अजून एकदाही त्यांचं बोलणं झालेलं नाही. माझं काय चुकलं? मेलची प्रत सोबत पाठवते.*

आधी त्या प्रतीबद्दल, कारण ते काम आजच्या आज करण्यासारखं आहे. तू मित्राची जुनी मेल फॉरवर्ड केलीस तेव्हा वरच्या तुझ्या दोन ओळींखाली त्याचं सगळं जुनं लिखाण गेलं. तिथे, बरंच खाली, गेल्या हंगामात एका बागायतदाराला त्याने किलोमागे काय भाव दिला आणि तो माल त्याला का आवडला नाही, हे लिहिलेलं आहे. ते त्याने तुला मैत्रीण म्हणून लिहिलं होतं. आता ते मामांकडे आहे. मामांनी वाचलं असेल किंवा नसेल. जीमेलमध्ये असा जुना मजकूर बऱ्याचदा तीन टिंबांमागे दडलेला असतो आणि लिहिणाऱ्यालाच त्याचा विसर पडतो. मित्राला सरळ सांग, की अनवधानाने ती ओळ पुढे गेली. तो फार तर चरफडेल. बोलणी सुरू झाल्यावर मामांच्या तोंडून त्याला तो आकडा ऐकू आला तर प्रकरण फार वेगळं होईल, आणि तेव्हा तू मध्ये नसशील.

म्हणून ओळख करून देणारी मेल कायम कोरी लिहावी. `Forward` नाही, जुन्या मेलवरचं `Reply` नाही. विषयाची ओळही नवीन हवी, म्हणजे मेलपेटीत तो वेगळा धागा होतो आणि महिन्याभराने शोधला तरी सापडतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. मी पंचवीस वर्षं एका निर्यातदाराच्या कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळला. टेलेक्सपासून सुरुवात केली आणि निवृत्त झाले तेव्हा सगळं मेलवर आलं होतं. तुझ्यासारख्या ओळखी मी शेकड्यांनी करून दिल्या असतील आणि त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा जागच्या जागी वाळून गेल्या. कारण बहुतेक वेळा एकच असे. "तुम्ही दोघं आपसात ठरवा" हे वाक्य दिसायला मोकळेपणाचं आहे, पण त्यात पहिलं पाऊल कोणाचं ते सांगितलेलं नाही. मामांच्या हिशोबाने घेणाऱ्याने आधी फोन करायचा असतो; आयुष्यभर व्यापारीच त्यांच्या बांधावर आला आहे. तुझ्या मित्राच्या हिशोबाने विकणाऱ्याने आधी मालाची माहिती पाठवायची असते. त्याच्या कंपनीत रोज दहा विकणारे तसं करतात. दोघंही आपापल्या रीतीने सभ्यपणेच वाट बघत आहेत. त्यात मामा वयाने मोठे, मित्र हुद्द्याने साहेब. कोणी आधी लिहिलं तर गरज कोणाची ते उघड होतं, आणि भावाची बोलणी समोर असताना ते कोणालाच नको असतं. ही कोंडी त्या दोघांना फोडता येणार नाही. ती तूच फोडू शकतेस, कारण "तू आधी लिही" असं सांगितल्याने कोणाचाही कमीपणा होत नाही, सांगणारी तू आहेस.

तुझ्या प्रकरणात मी पहिलं पाऊल मित्राच्या गळ्यात घालेन. सर्वसाधारणपणे ज्याने ओळख मागितली त्याने आधी लिहावं आणि ज्याचं वेळापत्रक जास्त अवघड त्याने वेळ निवडावी. इथे दोघांनीही ओळख मागितलेली आहे, तेव्हा पहिला अर्धा भाग कामाचा नाही, दुसरा आहे. आणि तुला वाटतं त्याच्या उलट, वेळापत्रक मामांचं जास्त अवघड आहे.

कसं ते बघ. मित्राचं ऑफिस ठरलेल्या वेळेचं. मामांचा दिवस एप्रिलमध्ये उन्हावर आणि लाइटवर चालतो. पहाटे पाचला मळ्यात, अकराच्या आत घरी. पण हे दिवसाच्या पाळीचं झालं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्री असली, तर ते रात्रभर पाणी भरण्यात आणि सकाळ झोपेत. त्यात लग्नसराई. आपल्याकडे दाट तिथी असली की माणूस दिवसाला तीन मांडव करतो. हे सगळं तुला भुसावळच्या टेबलावरून कसं कळणार? "मंगळवारी जमेल का" हे तू मित्राकडून विचारून आणतेस, मामा "हो" म्हणतात, आणि सोमवारी रात्री लाइटची पाळी बदलते. मग तू पुन्हा दुबईला लिहितेस. तू मध्ये राहिलीस म्हणूनच हे लांबतं आहे. दोघांचा थेट धागा जुळला असता तर मामांनी "आज नाही, उद्या" एवढं दोन शब्दांत कळवलं असतं.

पण पूर्ण हात झटकून बाहेर पडायचं असंही नाही. मध्यस्थाने दिवस आणि वेळ ठरवू नये, पण दोघांच्या दिवसातली सामाईक जागा कुठे आहे ती मात्र दाखवून द्यावी. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं आणि बाराही महिने तेवढंच मागे राहतं. तिथे उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळ पुढेमागे करत नाहीत. मित्र नऊ ते सहा ऑफिसात असेल तर आपल्याकडचे साडेदहा ते साडेसात. मामा दुपारी दोन ते चार घरी असतात असं धरू. जेवण झालेलं, ऊन उतरायचं आहे. म्हणजे दुबईतले साडेबारा ते अडीच. एवढी दोन तासांची फट त्यांना सापडू शकते. रात्री आठनंतर मामा पुन्हा मोकळे असतील, पण तेव्हा मित्राचं ऑफिस सुटलेलं असतं आणि त्याला घरून बोलायला आवडेल की नाही ते तोच जाणे. शुक्रवार दुपार सोडून द्यावी. 2022 पासून तिथली सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी सरकारी कार्यालयं दुपारीच बंद होतात; खासगी कंपन्या आपापल्या रीतीने चालतात, पण शुक्रवारच्या दुपारी महत्त्वाचं बोलणं कोणी ठेवत नाही. रमजान सुरू असेल तर ऑफिसचे तासच कमी होतात, तेव्हा मित्राला आधी विचारावं. आणि आपल्या बाजूने आखाजीचा आठवडा सोड. त्या दिवसांत मामांच्या घरी लेकी माहेरी आलेल्या असणार, झोक्याला दोर बांधलेला असणार. तिथे केळीच्या पेटीचं वजन कोणी बोलत नाही.

हा दीड तासच जास्त घात करतो. पूर्ण तासाचा फरक असता तर डोक्यात बसला असता. मी एकदा "तीन वाजता" असं दोन्ही बाजूंना कळवून निर्धास्त झाले. इकडचा माणूस आपल्या तीनला खुर्चीत बसला, तिकडचा आपल्या तीनला. साडेचारला फोन वाजला तेव्हा इकडचा माणूस संतापून मोटारसायकल काढून निघून गेला होता. तो सौदा काही झाला नाही. तेव्हापासून मी दोन्ही घड्याळं लिहिते: "दुपारी 2 (भारत), 12.30 (दुबई)." आणि "उद्या" कधीच लिहीत नाही, वार आणि तारीख दोन्ही लिहिते. मेल रात्री पाठवली आणि सकाळी उघडली, तर "उद्या" कुठला?

आता नवी मेल लिहिण्याआधी दोन निरोप दे. दोन्ही वेगवेगळे. पहिला मामांना, फोनवर. त्यांना विचार, की त्यांना या बोलण्यातून नेमकं काय हवं आहे: लगेच भाव, की आधी माहिती? यंदाचा मृगबागेचा माल कापणीला कधी येईल? या आठवड्यात लाइट दिवसा आहे की रात्री? त्यांचा नंबर दुबईला दिला तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे त्यांची मेल कोण उघडतं? माझा अंदाज असा, की तो मेल-पत्ता तुझ्या मामेभावाने कधीतरी बँकेच्या किंवा अनुदानाच्या कामासाठी उघडून दिला आणि मामा स्वतः व्हॉट्सॲपवरच असतात. तसं असेल तर तुझी पहिली मेल बारा दिवस न उघडता पडली असणं अगदी शक्य आहे, आणि "त्याचा फोन येईन" याचा अर्थ "मला काही मिळालंच नाही" एवढाच निघतो. अशा वेळी मामेभावाचा पत्ता `Cc` मध्ये घालायचा, अर्थात त्याला विचारून.

दुसरा निरोप मित्राला, आणि तो लेखी. त्यात मामांबद्दल खरं ते सगळं लिही, जे कमी आहे तेसुद्धा. ते स्वतः आजवर निर्यातीत उतरलेले नाहीत, त्यांच्याकडे निर्यातीचा आयईसी क्रमांक नाही, पॅकहाउस स्वतःचं नाही. हे त्याला पहिल्या फोनवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, कारण मग तो ठरवू शकतो की थेट घ्यायचा की इथल्या एखाद्या निर्यातदारामार्फत. आणि शेवटी एक वाक्य आवर्जून घाल: "नको असेल तर नि:संकोच सांग, मी मामांना माझ्या पद्धतीने सांगेन." नाही म्हणायची वाट उघडी ठेवली नाही तर माणसं हो म्हणतात आणि मग उत्तरच देत नाहीत. हे आधी विचारणं मी ठेच लागून शिकले. मी एका शीतगृहाच्या मालकाचा नंबर त्यांना न विचारता एकाला दिला होता. त्याने सलग आठवडाभर सकाळी सहाला फोन केले. मालकांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण पुढे माझं नाव सांगून आलेल्या कुणालाही त्यांनी उभं केलं नाही.

दोघांचा होकार आला की मगच मेल. दोघांचेही पत्ते `To` मध्ये, बरोबरीने. एकाला `To` आणि दुसऱ्याला `Cc` केलं तर दुसऱ्याला वाटतं, आपल्याला नुसतं कळवलं आहे, उत्तर आपण द्यायचं नाही. आणि `Bcc` मध्ये तर कोणालाच टाकू नकोस: त्यातला माणूस समोरच्याला दिसत नाही, समोरच्याने `Reply all` केलं तरी त्याला ते पोचत नाही, म्हणजे ओळख झालीच नाही. मी लिहिली असती तर अशी लिहिली असती. नावं तू घाल, पूर्ण नावं, आडनावासकट.

> विषय: ओळख: रावेरचे केळी बागायतदार आणि दुबईचे फळ खरेदीदार, 20 मिनिटांच्या फोनसाठी
>
> मामा, हा माझा कॉलेजातला वर्गमित्र, आपल्या धुळ्याचा. दुबईत फळं आयात करणाऱ्या कंपनीत खरेदी बघतो. मेपासून खान्देशातून चांगला माल मिळतो का, हे त्याला बघायचं आहे.
>
> मित्रा, हे माझे मामा. रावेर तालुक्यात त्यांची 11 एकर केळी आहे, टिश्यूकल्चरची ग्रँड नैन, मृगबाग. माल मेच्या मध्यापासून कापणीला येईल. आजवर माल व्यापाऱ्यामार्फत उत्तरेकडे गेला. स्वतः निर्यात केलेली नाही. घडांचे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> तुम्ही दोघांनी एकदा 20 मिनिटं फोनवर बोलावं: माल कसा लागतो, पेटी कशी भरतात, पॅकिंग कुठे करायचं. भावाचं तुमचं तुम्ही बघा.
>
> मित्रा, तू आधी लिही. या धाग्यावर सोमवार ते गुरुवारमधल्या दोन-तीन वेळा सुचव. मामांना दुपारी 2 ते 4 (दुबईत 12.30 ते 2.30) सोयीचं असतं. मामा, त्यातली एक तुम्ही निवडा आणि त्यालाच कळवा. मामेभाऊ `Cc` मध्ये आहे, तो मेल बघतो. मामांचा नंबर खाली दिला आहे.
>
> मित्रा, दुबईहून व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, तेव्हा साधा फोन किंवा झूम ठरवा.
>
> यात माझा कुठलाही व्यवहार नाही. पुढच्या पत्रापासून मला वगळलं तरी चालेल.

यातल्या काही ओळी तुला नको तितक्या स्पष्ट वाटतील, म्हणून थोडं सांगते.

व्हॉट्सॲपची ओळ गाळू नकोस. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज नीट जातात, पण त्यावरून कॉल करायला तिथे मोकळीक नाही, आणि इथल्या माणसाला हे माहीत नसतं. मामा ठरलेल्या वेळी व्हॉट्सॲपवर कॉल करतील, तो लागणार नाही आणि त्यांना वाटेल समोरच्याने कापला. झूमसारख्या ॲपवरून बोलणं होतं. मामांना झूम नवीन असेल, तर मित्राने साधा फोन करणं सगळ्यात सोपं. म्हणून फोन कोण कोणाला करणार हेही एका ओळीत ठरलं पाहिजे. करणारा मित्र, उचलणारे मामा. मळ्यात रेंज नसते, तेव्हा घरी.

"यात माझा कुठलाही व्यवहार नाही" ही ओळ खान्देशात विशेष लागते. मध्ये कोणी दिसलं की आपल्या माणसाच्या डोक्यात आधी अडत्या येतो, मग दलाली. मामा मनात मोजतील, भाची किती टक्के घेते आहे. मित्रही विचार करेल. तू खरोखर काही घेणार असलीस, आणि घ्यायला हरकत काहीच नाही, तर तेच लिही. पण जे आहे ते पहिल्याच मेलमध्ये लिही.

"20 मिनिटं" का? वेळ ठरवताना किती वेळ, हे माहीत नसलं की माणूस मोठा मोकळा वेळ शोधत बसतो आणि तो त्याला कधीच सापडत नाही. आणि काय बोलायचं ते लिहिलं की मामा तयारीत बसतात. मित्राचे पहिले प्रश्न मला ठाऊक आहेत, आमच्याकडे रोज यायचे: घडांना स्कर्टिंग बॅग घातली होती का, फण्यांवर डाग किती, 13 किलोची पेटी भरता येईल का, पॅकहाउसपर्यंत फण्या घासू न देता कशा आणाल. केळी कंटेनरात 13-14 अंशांवर जाते. माल आधीच उन्हात तापलेला असला तर तिकडे उघडेपर्यंत त्यातून काही ना काही बिघडलेलं निघतं, आणि खरेदी बघणाऱ्याची सगळी भीती तिथेच असते. मामांना हे आधी सांगून ठेव, उत्तरं मात्र त्यांचीच असू देत.

फोटोंबद्दल एक. मामेभावाला सांग, मोबाइलमधून काढलेले दहा-बारा फोटो आहेत तसे एकत्र जोडू नकोस. मेल जड होते आणि दुबईच्या कंपनीच्या मेलपेटीत अडकते. तीन पुरे: बाग दुरून, घड जवळून, एक फणी हातात धरून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

मेल पाठवायच्या आधी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन `Undo Send` ची मुदत 30 सेकंद करून घे. नाव चुकलं, भलताच पत्ता आला, फोटो जोडायचे राहिले, हे सगळं पाठवल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत लक्षात येतं. मामांचं आडनाव लिहिताना विशेषतः जप. एकाच आडनावाची पाचपन्नास घरं एका गावात, आणि मेल सुचवणारा रकाना पहिलंच दिसलेलं नाव पुढे करतो.

मेल गेली की मामांना फोन लाव. "मेल पाठवली आहे, मामेभावाला उघडायला सांगा, उद्यापर्यंत मित्राची मेल येईल, त्यावर `Reply all` करा," एवढंच. इथे लोक नेहमी चुकतात: मामेभाऊ साध्या `Reply` ने उत्तर देतो. मित्राच्या मेलवर साधं `Reply` केलं तर ते मित्रालाच जाईल, म्हणजे बरंच झालं. पण तुझ्या मेलवर केलं तर ते फक्त तुला येतं, मित्राला नाही. मग तू पुन्हा निरोप्याच्या खुर्चीत. तुला असं उत्तर आलं तर ते फॉरवर्ड करू नकोस. मामेभावाला सांग, तेच पुन्हा मित्राला पाठव.

मित्राने लिहिलं, मामांनी वेळ निवडली, आणि मित्राने कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं तर उत्तम, कारण त्यात वेळ ज्याच्या त्याच्या घड्याळात आपोआप दिसते. नाहीच पाठवलं तर मामेभावाने एका ओळीत परत लिहावं: "बुधवार, अमुक तारीख, दुपारी 2 भारत, 12.30 दुबई, तुम्ही फोन कराल." एवढं आलं की वेळ ठरली असं समज. त्याआधी ठरली नाही, कोणी कितीही "हो हो" म्हणालं तरी.

तीन दिवस काहीच झालं नाही तर एकदा, एकदाच, त्याच धाग्यावर दोन ओळी लिही: "मित्रा, वेळा सुचवल्यास का? मामांची या आठवड्यात लाइट दिवसा आहे, तेव्हा दुपार मोकळी आहे." त्यानंतरही शांतता असेल तर मित्राला एकट्याला विचार, की त्याचा विचार बदलला का. बदलला असेल तर मामांना तू सांग, त्याला सांगायला लावू नकोस. तो आपल्या बाजूचा म्हणून नव्हे. मामांनी या एका बोलण्यावर थांबू नये, दुसरा खरेदीदार शोधावा म्हणून. कापणी मेमध्ये आहे, केळी कोणासाठी थांबत नाही.

आणि यातलं काहीही करताना मामांचा फोन येईल, येईलच: "बाई, त्याला विचार ना गुरुवारी जमतं का." तेव्हा मऊपणे पण ठाम सांगायचं: "मामा, मी विचारलं तर त्याचं उत्तर मला येईल. तुम्ही विचारा, तुम्हाला येईल. त्याचा मेल-पत्ता तुमच्याकडे आहे." पहिल्यांदा त्यांना हे तुसडेपणाचं वाटेल. मित्रालाही हेच उत्तर. एकदा जरी "बरं, विचारते" म्हणालीस, तर पुढची सगळी केळी तुझ्या फोनवरून जाणार, पेट्यांचा हिशोब, पैसे कधी येणार, कंटेनर न्हावाशेवाला अडला का, सगळं. मामांचे पैसे अडकले तर मित्राला विचारायलाही तुलाच सांगतील. तुझं कर सल्लागाराचं काम बाजूला राहील आणि जुलैमध्ये विवरणपत्रांची गर्दी सुरू होईल तेव्हा तू अजून 13 किलोच्या पेट्या मोजत बसशील.

फोन झाला की दोघांपैकी कोणी तुला काय बोलणं झालं ते सांगेल. ऐकून घे. दुसऱ्याला जाऊन सांगू नकोस, मित्राची भावाची ती ओळ एकदा पुढे गेली तेवढी पुरे.